जकात नको, शिक्का मागा

तुळशीबागेत चिनी बाहुली शंभराला मिळते, तुमची भोसरीत बनलेली दीडशेला पडते, म्हणून तुम्ही दिल्लीला निवेदन लिहायला बसला आहात. पहिल्याच ओळीत लिहिलंय, ‘आयात शुल्क वाढवावे’. खोडा ते. शुल्क ही उघड्यावरची गोष्ट आहे. खेळण्यांवरचं शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 मध्ये 70 वर, आणि दोन्ही वेळा सगळ्यांना ते कळलं. शिवाय शुल्क म्हणजे टोलनाका. पैसे टाकले की गाडी पुढे. रविवार पेठेतला व्यापारी कागदावर हिशेब करतो आणि परवडलं तर माल आणतोच. तुम्हाला नाका नको आहे. तुम्हाला आमच्या सोसायटीचा वॉचमन हवा आहे. नियम सगळ्यांना सारखाच, वहीत नाव लिहा. फक्त रहिवाशांना तो चेहऱ्याने ओळखतो आणि पाहुणा आला की नेमका जेवायला गेलेला असतो.

तेव्हा निवेदनात ‘मानक’ हा शब्द घाला. त्याआधी पूर्वसुरींच्या चुका समजून घ्या, कारण या विद्येत नवशिके फार आपटले आहेत.

जर्मनांनी नियम केला होता की फळांच्या लिक्युअरमध्ये किमान 25 टक्के अल्कोहोल हवं. फ्रान्सच्या कॅसिसमध्ये 15 ते 20 टक्के, म्हणून ती बाहेर. कारण विचारलं तर म्हणाले, सौम्य दारूने लोकांना सवय लागते. म्हणजे तब्येतीसाठी कडक घ्या! युरोपच्या न्यायालयाने 1979 मध्ये हे उडवून लावलं. पुढे युरोपनेच ठरवलं की ‘सार्डिन’ म्हणायचं ते आमच्याच समुद्रातल्या एका जातीच्या माशाला. पेरूचा मासा जवळचा नातेवाईक, पण नाव लावायची बंदी. आंतरराष्ट्रीय मानकात मात्र देशाचं किंवा जातीचं नाव जोडून ‘अमुक सार्डिन’ असं विकायला परवानगी होती. पेरू जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि 2002 मध्ये जिंकला.

दोघांची चूक एकच. त्यांनी मानकच वेडंवाकडं लिहिलं. व्यापारातल्या तांत्रिक अडथळ्यांचा या संघटनेचा जो करार आहे, तो म्हणतो की आंतरराष्ट्रीय मानक असेल तर त्याचाच आधार घ्या. मग घ्या की! इथे पुणेरी काटकसर कामाला येते: नवीन काही लिहूच नका. आपल्या खेळण्यांच्या सुरक्षेचं आयएस 9873, भाग 1, हे आयएसओ 8124-1 वरूनच घेतलेलं आहे. टोकदार कडा, गिळता येतील असे सुटे भाग, सगळं जगाच्या पद्धतीने. संघटनेच्या जिनिव्हातल्या कचेरीत बसलेला कुणीही ते वाचून मान डोलावेल.

कारणही खरंच शोधा. खोटं कारण पकडलं जातं, खरं कारण ढालीसारखं पुढे धरता येतं. स्वस्त खेळण्यांच्या रंगात शिसं सापडतं, मऊ प्लॅस्टिकमध्ये थॅलेट नावाची घातक रसायनं असतात, आणि मूल बाहुली आधी तोंडात घालतं, हे कुणाच्या बापाला नाकारता येणार नाही. मी स्वतः नातीच्या हातातून एक पिवळं बदक काढून घेतलंय. बोटांना रंग लागला होता. त्यामुळे या मानकाला विरोध करायची माझी टाप नाही. तुमच्या स्पर्धकाचीही नसेल. हेच तर हवंय.

आता खरी मेख. मानक जगाचं ठेवा, तपासणी मात्र घरची. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश 2020 मध्ये निघाला आणि 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीचं खेळणं असेल तर त्यावर आयएसआय शिक्का हवाच, देशी असो की परदेशी. वाचायला किती निःपक्षपाती! पण शिक्क्यासाठी परदेशी कारखान्याने काय करायचं ते पाहा. भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमायचा. 10,000 डॉलरची बँक हमी द्यायची. मग आपले अधिकारी त्याच्या खर्चाने त्याच्या कारखान्यात जाणार, यंत्रं आणि त्याची स्वतःची प्रयोगशाळा बघणार. त्याच खेळण्याचा त्याच मानकाचा दाखला त्याच्या देशातल्या प्रयोगशाळेने आधीच दिला असेल, तर तो त्याने फ्रेम करून भिंतीला लावावा. करारात लिहिलंय की दुसऱ्या देशाचे तपासणीचे निकाल ‘शक्य असेल तेव्हा’ स्वीकारा. या तीन शब्दांना रोज हळदकुंकू वाहा.

आणि तारीख आठवते का? जानेवारी 2021. कोविडमुळे नियमित आंतरराष्ट्रीय विमानं बंद होती, ती मार्च 2022 पर्यंत. बंदी कुणीच घातली नव्हती हो. तपासणीशिवाय परवाना नाही, एवढंच. आणि तपासणीला जायला विमान नाही. नुसतं शुल्क असतं तर व्यापाऱ्याने भरलं असतं. न येणाऱ्या अधिकाऱ्याचा हिशेब तो कसा करणार? शंभर प्रकारची खेळणी पेटी-पेटीने आणणारा माणूस तर पहिल्याच महिन्यात दमतो, कारण प्रमाणपत्राचा खर्च पेटीवर नसतो, कारखान्यावर असतो.

मग आपल्या माणसांसाठी खिडकी ठेवा. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकन असलेली खेळणी आदेशातून वगळली गेली. अगदी छोट्या घटकांना स्वतःची प्रयोगशाळा उभारायला मुदतही मिळाली. कारागिराला तगवायचं तर हे योग्यच, असं मला मनापासून वाटतं. फक्त मूल चाटताना नोंदणी क्रमांक बघत नाही. अमेरिकेने 2009 मध्ये लवंगेच्या सिगारेटवर बंदी घातली आणि मेंथॉलची मोकळी ठेवली. लवंगेची यायची इंडोनेशियातून, मेंथॉलची घरची. 2012 मध्ये अमेरिका जागतिक व्यापार संघटनेतला खटला हरली, ती याच खिडकीतून. तेव्हा खिडकी ठेवा, पण पडदा लावा.

एवढं सगळं भोसरीच्या आमच्या एका काकांनी तंतोतंत पाळलं. 2020 मध्ये त्यांच्या निवेदनात ‘बालकांचे आरोग्य’ सात वेळा होतं. आदेश निघाला, काकांनी पेढे वाटले, दुसरं मोल्डिंग मशीन घेतलं. मग ही विद्या त्यांच्यापेक्षा मोठ्या माणसांनीही शिकून घेतली. पॉलिप्रॉपिलीन, एबीएस अशा प्लॅस्टिकच्या दाण्यांसाठीही गुणवत्ता नियंत्रण आदेश निघू लागले. तारखा पुढे-मागे होत राहिल्या, पण दाण्याच्या व्यापाऱ्याला नुसती कुजबुज पुरते. ‘काका, बाहेरचा माल अडकणार, आजच बुक करा, उद्याचा भाव उद्या.’ बाहुली शेवटी दाण्यांचीच असते. दीडशेची एकशे सत्तरला पडायला लागली.

काका रात्री आमच्याकडे आले, चहाही न घेता बसले. मी विचारलं, ‘आता?’ त्यांनी पिशवीतून जुनं निवेदन काढलं. ‘तेच आहे रे. तू फक्त शुद्धलेखन बघ.’ ‘बालकांचे आरोग्य’ खोडून त्यावर पेनाने ‘लघुउद्योगांचे आरोग्य’ लिहिलं होतं. सहा ठिकाणी. सातवं राहून गेलं होतं.

नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारने प्लॅस्टिक आणि पॉलिएस्टरच्या कच्च्या मालावरचे 14 आदेश रद्द केले. काकांनी पुन्हा पेढे वाटले. खेळण्यांवरचा आदेश जागेवरच आहे, त्याबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत. पेढा हातावर ठेवताना एवढंच म्हणाले, ‘मानकं म्हणजे नुसता जाच रे. दुसऱ्यांची.’