ऑटोफिलनं भरलंय ना, मग राहू द्या की!

रेझ्युमे अपलोड केला, ते गोल चक्र फिरलं आणि अख्खा फॉर्म आपोआप भरून आला? झालं तर मग, आता खाली स्क्रोल करून तपासत बसू नका, नेक्स्ट नेक्स्ट करत सुटा. सॉफ्टवेअरनं एवढ्या कष्टानं भरलंय, त्यात खोट काढणं बरं दिसत नाही.

समजा तुम्ही ठाण्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह आहात. रेझ्युमे अर्थातच दोन कॉलमवाला, कारण टेम्प्लेट छान होतं. डावीकडे रंगीत पट्टीत पत्ता आणि स्किल्स, उजवीकडे नोकऱ्या. आता पीडीएफमध्ये बऱ्याचदा फक्त कुठलं अक्षर पानावर कुठे बसवायचं एवढंच असतं, कॉलम बिलम काही सांगितलेलं नसतं, त्यामुळे रेझ्युमे वाचून रकाने भरणारं सॉफ्टवेअर, म्हणजे पार्सर, बिचारा कधीकधी डावीकडून उजवीकडे सरळ एक ओळ वाचत जातो आणि डावीकडचं ‘टॅली’ उजवीकडच्या हुद्द्याला जाऊन चिकटतं. फॉर्ममध्ये येतं: कंपनी टॅली, पद ठाणे. वाईट काय आहे त्यात? ठाणे या पदावर काम केलेली माणसं बाजारात कमीच असतील. फोन नंबर वर्डच्या हेडरमध्ये टाकला असेल आणि तो आलाच नसेल (काही पार्सर हेडर वाचतच नाहीत), तर अजून उत्तम, कोणी फोन करून त्रास देणार नाही.

नाव आडनावापासून लिहिलंत? मग वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात गेलं असेल. जाऊ द्या, आनंद वाटेल त्यांना. पुढे ऑफर लेटर एका नावानं आणि पॅन कार्ड दुसऱ्या नावानं, बघत बसेल एचआर.

खरी मजा तारखांची. पहिली नोकरी ३१/०३/२०२१ ला सोडली, दुसरी १२/०४/२०२१ ला धरली. मध्ये जेमतेम दोन आठवडे. पण पोर्टल महिना आधी वाचणारं निघालं तर पहिली तारीख बरोबर येते, कारण ३१ वा महिना नसतो हे त्यालाही कळतं, आणि दुसरी होते ४ डिसेंबर. म्हणजे तुम्ही आठ महिने घरी बसला होतात, तुम्हालाच आठवत नाही. त्यात चालू नोकरीपुढे तुम्ही हौसेनं Till date लिहिलेलं, ते त्याला नाही कळलं, शेवटची तारीख त्यानं रिकामी सोडली किंवा सुरुवातीचीच परत टाकली. जून २०१८ पासून चाललेला तुमचा अनुभव मार्च २०२१ ला संपला, झाली पावणेतीन वर्षं. आणि रिक्रूटर पाच वर्षांच्या वरचा फिल्टर लावतो तो बहुतेक या रकान्यांवर, तुमच्या सुंदर पीडीएफवर नाही. तुम्ही यादीत आलाच नाहीत तर नकाराचं दुःखसुद्धा नाही, केवढी सोय!

काही खडूस लोक आधीच नोटपॅड उघडतात. पीडीएफमध्ये Ctrl+A, Ctrl+C, मग नोटपॅडमध्ये पेस्ट, आणि साधारण काय क्रमानं वाचलं जाणार ते बघतात. ओळी एकमेकींत मिसळल्या की एक कॉलमचा साधा रेझ्युमे करतात, काहीच पेस्ट झालं नाही तर आपण स्कॅन केलेला फोटो अपलोड करत होतो हे ओळखतात, तारखा Apr 2021 अशा लिहितात म्हणजे दिवस-महिन्याचा घोळच नको, आणि चालू नोकरीपुढे Present. एवढं करूनही परत फॉर्मचा एकेक रकाना वाचतात, पार्सरनं बनवलेली टॅली नावाची कंपनी डिलीट करतात, ‘सध्या इथेच काम करतो’ची टिक मारतात, तारखा रिलिव्हिंग लेटर समोर ठेवून जुळवतात. कंटाळवाणी माणसं! तुम्ही असलं काही करू नका. आणि केलंतच, तर सगळं हातानं दुरुस्त झाल्यावर रेझ्युमेमधली एक स्पेलिंग सुधारून फाइल परत अपलोड करा, म्हणजे बऱ्याच पोर्टलवर सगळे रकाने पुन्हा पहिल्यासारखे भरून येतात आणि टॅली कंपनी परत रुजू होते. (फाइल आधी, हाताची दुरुस्ती नंतर, हा क्रम त्या खडूस लोकांचा.)

शेवटी ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ची टिक येईल, ती न वाचता मारा. सबमिट झाल्यावर मग निवांत प्रोफाइल उघडा, चुका बघा, दुरुस्त करा आणि निर्धास्त झोपा. पाठवलेल्या अर्जात अनेकदा जुनीच प्रत राहते, तो मागे घेऊन नव्यानं भरावा लागतो, तेही पोर्टलनं परवानगी दिली तर, नाहीतर एचआरला मेल करून चुकीचा रकाना आणि बरोबर तारीख कळवावी लागते. पण एवढ्यासाठी कुठे मेल करता? बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले विचारतीलच की ते आठ महिने कुठे होतात, तेव्हा सांगा.