चप्पल पुढं अन् आपण मागं

ट्रेकला निघताना सॅकचं वजन कमी करायच्या नादात माणूस टूथब्रशची दांडी अर्धी कापतो, आणि त्याच सॅकच्या मागे सातशे ग्रॅमचे सँडल खुळखुळ्यासारखे लटकवतो. बुटांखेरीज पाण्यात आणि मुक्कामाला घालायला दुसरी जोडी हवीच, पण कोणती, याचा निकाल माझ्या मते तंबूत लागत नाही, नाल्यात लागतो.

मेळघाटातली सिपना नदी असो की गावामागचा बिननावाचा नाला, तळाला गोटे आणि गोट्यांवर शेवाळ ठरलेलं. अनवाणी उतरणारा मर्दगडी तिसऱ्या पावलाला ठेच खातो. बूट घालूनच उतरावं, तर पलीकडे पायांत दोन ओल्या गोधड्या, आणि ओल्या मोज्यात कातडी मऊ पडून संध्याकाळपर्यंत फोड.

हवाई चपलेची जोडी अडीचशे ग्रॅमच्या आसपास, वजनात बिनतोड. पण तिची टाच मोकळी. धारेत पाऊल उचललं की पाणी खालून शिरतं आणि चप्पल तुमच्याआधी गावाला निघते. काठावर म्हशी धुणारा विचारतो, "काऊन बाप्पा, चप्पल पुढं अन् तुम्ही मागं?" उपाय मीटरभर नाडीचा. एका बाजूच्या पट्ट्याखालून ती ओवायची, टाचेमागून नेऊन दुसऱ्या बाजूच्या पट्ट्याखालून काढायची आणि दोन्ही टोकं घोट्यापुढे बांधायची. गाठ सुरगाठच हवी. ओली निरगाठ दातांनी सोडवणं हा वेगळा खेळ आहे.

भोकाभोकांच्या फोमच्या क्लॉगची जोडी साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. टाचेमागे पट्टा असतो आणि पाणी भोकांतून निथळतं. पट्टा मागे घेऊन पाय जोरात झटका. क्लॉग निघाला, तर माप मोठं आहे, नाला तो ठेवून घेणार. शेवाळावर मात्र फोम साबणासारखा घसरतो, म्हणून हातात काठी हवी. बूट-मोजे सॅकमध्ये घाला. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकन टाकता येते. तोंड धारेकडे, काठी धारेच्या बाजूला, आणि एका वेळी एकच पाय उचलायचा. पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढीचं असेल, तर जोडी कितीही महागाची असो, मागे फिरा.

मुक्कामाच्या दिवशी क्लॉगचे दोन शत्रू. बाभळीचा काटा फोममधून लोण्यासारखा जातो, म्हणून संध्याकाळी तळवा वाकवून बघावा, मोडका काटा डोकं वर काढतो. दुसरी काळी माती. पाऊस पडून गेलेल्या शेताच्या धुऱ्यावरून चाललात, की माती चिकटून हलका क्लॉग पायाला बांधलेलं उखळ होतो.

रात्री क्लॉगमध्ये मोज्यासकट पाय जातो. हवाई चपलेत मोजा अंगठ्यापाशी चिमटून आत कोंबावा लागतो, आणि चाल बदकाची होते. सकाळी कोणतीही जोडी झटकूनच घालायची, आत विंचू असू शकतो. आणि ती तंबूच्या आत घेऊन निजा. बाहेर ठेवली तर गावचा कुत्रा नेतो, आणि नेतो तीही एकच.