नवीन काही नसेल तर गप्प बस ना बाई!

आमचा एक पोलिंग जॉब आहे, दर 5 मिनिटांनी समोरच्या सर्व्हिसला विचारतो, रेटची यादी बदलली का? ती बया दरवेळी अख्खी 4 एमबीची यादी तोंडावर फेकते. दिवसातून 288 वेळा, म्हणजे एक जीबीच्या वर माल, आणि यादी बदलते आठवड्यातून एखाद वेळा!

यावर इटॅगचा उतारा आहे. उत्तरासोबत `ETag: "a1f3"` असं काहीतरी येतं, ते अवतरणचिन्हांसकट जसंच्या तसं जपून ठेवायचं (चिन्हं काढलीत तर जुळायची गॅरंटी नाही) आणि पुढच्या वेळी `If-None-Match` मध्ये परत पाठवायचं. बदल नसेल तर 304 येतो, बॉडी रिकामी. ती रिकामी बॉडी पार्सरला भरवायला जाऊ नका, बोंबलतो.

सगळं नीट लावलं तरी यादी येतच राहिली, तीही लहर लागेल तेव्हा. म्हणून हातानेच विचारून बघितलं:

```
curl -s -D - -o /dev/null \
  -H 'If-None-Match: "a1f3"' "$URL"
```

एकदा 304, लगेच 200 आणि सोबत `"9c07"`, मग परत 304. दोन्ही इटॅगसोबत आलेल्या बॉडीचा हॅश काढला तर शंभर टक्के सारखा! पडद्यामागे लोड बॅलन्सर आणि त्याच्या मागे दोन सर्व्हर, फाइल दोघांकडे तीच पण कॉपी झाल्याची वेळ वेगळी, आणि इटॅग बनतो त्या वेळेवरून. सपोर्टला कळवलं तर म्हणाले, ब्राउझरची कॅशे क्लिअर करून बघा. अहो, क्रॉन जॉबला कुठला ब्राउझर?

सुदैवाने या हेडरमध्ये एकापेक्षा जास्त इटॅग चालतात:

```
If-None-Match: "a1f3", "9c07"
```

कुठलाही जुळला की 304. आता 200 आला की आधी बॉडीचा हॅश बघतो, तोच असेल तर नवा इटॅग यादीत जोडतो, वेगळा असेल तर जुने सगळे इटॅग फेकून एकटा नवा ठेवतो. ही फेकाफेक टाळू नका, कारण उद्या त्यांनी चुकीचे रेट मागे घेऊन जुनीच फाइल परत लावली आणि तिला तोच जुना इटॅग मिळाला, तर सर्व्हर म्हणेल "तुझ्याकडे आहे की", आणि आपल्या टेबलात मात्र ते चुकीचे रेट ठाण मांडून.

आणि इटॅग सेव्ह कधी करायचा? डेटा कमिट झाल्यावरच, खरं तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. आधी केला आणि मध्येच डेटाबेस आडवा झाला तर पुढचा खरा बदल येईपर्यंत 304 वर 304, लॉगमध्ये एक एरर नाही, डॅशबोर्ड हिरवागार, आणि अकाउंट्सवाले विचारतायत की मागच्या आठवड्याचे रेट अजून का दिसतायत.