तात्याचे शेअर, पोरीचे अलर्ट

काल कट्ट्यावर तासभर जी भांडाभांडी झाली ती आजच लिहून टाकतोय, कारण उद्या बंड्या म्हणणार की मी असं बोललोच नव्हतो.

विषय होता तात्याचा फोन. तात्याकडे शेअर म्हणजे तरी किती, मोजून तीन कंपन्यांचे, खरेदीचे भाव वहीत लिहिलेले, आणि दिवसातून दहादा फोन उघडून बघायचा चाळा. त्याची धाकटी शेवटी वैतागली, म्हणाली बाबा तुम्ही बघत बसू नका, मी अलर्ट लावून देते, ठरवलेल्या आकड्याला भाव पोचला की फोनच सांगेल.

पण तिने लगेच लावले नाहीत. आधी विचारलं, भाव कुठे गेला तर तुम्ही खरंच काहीतरी कराल? तात्या म्हणाला दोन टक्के पडला तरी मला कळलं पाहिजे. ती म्हणाली, बाबा दोन टक्के तर हा शेअर काही कारण नसताना पण हलतो, रोज फोन वाजेल आणि आठवड्यात तुम्ही बघायचं सोडून द्याल, कळल्यावर करणार काय ते सांगा. तात्या गप्प. एका शेअरबद्दल तो म्हणाला हा मी विकणारच नाही, तर तिने त्याला अलर्टच लावला नाही. मला पोरीचं हे फार आवडलं, बाकीच्यांनी इथे लक्षच दिलं नाही.

राहिले दोन. त्यातला मोठा होता ९६० ला, तात्याकडे ३० शेअर. त्याला खाली ८५० आणि वर १२०० असे दोन अलर्ट लावले. ८५० ला बाबांनी कंपनीच्या बातम्या वाचायच्या आणि तिला फोन करायचा, १२०० ला अर्धे विकायचा विचार करायचा. हे सगळं तिने वहीत त्या त्या शेअरसमोर लिहून दिलं. मग चालू भावाच्या अगदी जवळचा एक खोटा अलर्ट लावून बघितला, तर भाव ओलांडून गेला तरी फोन ढिम्म. बॅटरी वाचवायच्या सेटिंगने ते अ‍ॅप मागे झोपवून ठेवलं होतं. त्या सेटिंगमधून अ‍ॅपला सूट दिली तेव्हा कुठे वाजला.

महिनाभर शांतता. मग परवा बाजार उघडल्या उघडल्या नोटिफिकेशन: भाव ८५० च्या खाली, आत्ता २४१.

"अरे माझे हातपायच गार पडले," तात्या म्हणाला. पोरगी मीटिंगमध्ये, फोन उचलेना. तात्याने विक्रीचं पान उघडलं, ३० आकडा टाकला, आणि चष्मा पुसायला थांबला म्हणून वाचला, कारण तेवढ्यात तिचा फोन आला. तिने एकच विचारलं, "बाबा, त्या २४१ च्या खाली छोट्या अक्षरात काय लिहिलंय?" तात्याने वाचलं, अधिक ०.४२ टक्के. हिरव्या रंगात!

"मग पडला कुठे?" पक्या म्हणाला.

पडलाच नव्हता. एका शेअरचे चार झाले होते, स्प्लिट. कालचा ९६० चा भाव चारने भागला की २४०, त्यावर आज २४१, म्हणजे उलट थोडा वरच. तात्याचे ३० चे होणार १२०, आणि ३० गुणिले ९६० काय नि १२० गुणिले २४० काय, २८,८०० च. अ‍ॅपने कालचा भाव नव्या हिशोबाने दाखवला म्हणून टक्केवारी बरोबर आली, पण अलर्टमधला ८५० हा पोरीने हाताने टाकलेला आकडा, त्याला स्प्लिट कुठून कळणार. आणि हे वाढीव शेअर खात्यात दिसायला कधीकधी एखाददोन दिवस लागतात, तोवर खातं उघडलं की तीनचतुर्थांश पैसे गेल्यासारखंच दिसतं. त्यामुळे तात्या घाबरला यात त्याची चूक नाही.

इथून भांडण सुरू.

बंड्याचं म्हणणं, अलर्ट म्हणजे पोरखेळ, सरळ स्टॉपलॉस लावायचा, ८५० ला आपोआप विकून मोकळा, माणसाने घाबरायचा प्रश्नच नाही. मास्तर म्हणाले, बंड्या, परवा तुझी ऑर्डर तशीच पडून असती तर काय झालं असतं? बंड्या म्हणाला स्प्लिटला ब्रोकर जुन्या ऑर्डरी रद्द करतात. मास्तर म्हणाले कुठे रद्द करतात, कुठे आकडे बदलून ठेवतात, तुझ्या ब्रोकरचा नियम काय ते तू कधी विचारलंयस? बंड्याने विषय बदलला.

पण त्याचा एक मुद्दा खरा होता आणि तो मी लिहिणार. तात्याला वाटत होतं की ८५० चा अलर्ट आहे म्हणजे ८५० ला विकता येईल. तसं नसतं. रात्रीत वाईट बातमी आली आणि सकाळी भाव थेट ७८० ला उघडला तर अलर्ट ७८० लाच वाजणार, मधले आकडे आलेच नाहीत तर वाजणार कशावर. मास्तर लगेच म्हणाले तुझा स्टॉपलॉस पण मग ७८० च्या आसपासच विकेल, आणि त्यात कमीत कमी भावाची अट घातली असशील तर विकणारच नाही. दोघंही बरोबर, म्हणून दोघंही जास्त जोरात बोलायला लागले.

पक्याचं तिसरंच. तो म्हणे, तीन शेअर आहेत, अलर्ट नको, स्टॉपलॉस नको, महिन्यातून एकदा बघ. तात्या म्हणाला, "अरे पण अलर्ट लावल्यापासून मी बघतच नव्हतो की! त्या दिवशी फोन वाजला नसता तर मी वर्तमानपत्र वाचत बसलो असतो." यावर कोणाला काही सुचलं नाही. स्प्लिटची तारीख कंपनीने आधीच जाहीर केलेली असते हे मी म्हणालो, पण ती वाचायची कोणी, हाही प्रश्न आलाच.

मग मास्तरांनी फोन मागितला. अलर्टची यादी उघडली. ८५० चा एकदा वाजला की संपला, त्या अ‍ॅपमध्ये तसंच असतं, म्हणून पोरीने त्याच दिवशी नवा लावला होता, २१२.५०. मास्तरांनी ८५० भागिले चार तोंडी केलं आणि मान डोलावली. मग अंगठ्याने यादी थोडी खाली सरकवली आणि थांबले.

"तात्या, हा वरचा काय आहे?"

वरचा १२०० तसाच होता. तो वाजलाच नव्हता, म्हणून तो नव्याने लावायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. भाव २४१, अलर्ट १२०० ला. खरा पाहिजे ३०० ला. शेअर ३०० होऊन परत खाली आला असता तरी फोन गप्प, आणि तात्या निवांत, कारण पोरीने अलर्ट लावलाय.

बंड्या पण गप्प बसला. तात्याने पोरीला फोन लावला, "अगं ऐक, तो बाराशेवाला..." आणि पलीकडून आधी काहीच आवाज नाही, मग एक मोठ्ठं "अरे देवा".