बोर्डिंगमधल्या मुलांच्या पावडरी आणि गोळ्यांबद्दल पालकांना सूचना

पालकांच्या ग्रुपवर फिरणारा मजकूर असा: “मेसच्या जेवणातून पोरांना प्रोटीन मिळत नाही. पावडर म्हणजे पैलवानाचा खुराकच, फक्त डब्यात भरलेला. एनर्जीची गोळी म्हणजे एक कप कॉफी, त्याहून जास्त काही नाही. दुकानात उघड मिळतं ते घातक कसं असेल? घेऊ द्या पोरांना.”

शाळेची सिस्टर म्हणून मी आधी गोळीबद्दल सांगते, कारण आजारी पडून माझ्याकडे येतात ती मुलं गोळीमुळे.

मुलांकडे सापडणाऱ्या पाकिटांवर बहुतेक वेळा एका गोळीत 200 मिलिग्रॅम कॅफिन असं छापलेलं असतं. आपल्या घरी चमचाभर इन्स्टंट कॉफीचा दुधातला कप करतो, त्यात साधारण 60 मिलिग्रॅम असतं. म्हणजे तीनहून जास्त कप एका घोटात पोटात जातात. वाढत्या मुलांसाठी दिवसभराची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे 3 मिलिग्रॅम धरतात. 45 किलोच्या मुलाला ती 135 होते, आणि एकाच गोळीने ती ओलांडली जाते.

परीक्षेच्या आधी दहावीतला एक मुलगा सकाळच्या प्रार्थनेआधी माझ्या खोलीत आला. हात थरथरत होते, मळमळत होतं, छातीत धडधड होती. ताप नव्हता. बसवून नाडी मोजली तर 120 च्या आसपास. रात्री नऊला अभ्यासासाठी एक गोळी घेतली होती, आणि झोप न झाल्याने पहाटे डोळे मिटायला लागले म्हणून दुसरी. कॅफिन रक्तातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. नऊला घेतलेल्या 200 पैकी रात्री दोनला 100 शिल्लक होतं, म्हणजे तेव्हाही दीड कप कॉफी अंगात होती. मग झोप कुठून लागणार? पहाटेची गोळी त्या शिलकीवर पडली. मुलं यालाच “ताकद आली” म्हणतात. ताकद येत नाही, थकव्याची जाणीव तेवढी दबते, आणि न झालेली झोप दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी मागते.

आता मेस. नववी-दहावीच्या वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे 45 ग्रॅम प्रोटीन पुरतं, अकरावी-बारावीत साधारण 55. पेलाभर म्हशीच्या दुधातून 7, दोन्ही वेळच्या सहा चपात्यांतून 18, वाटीभर उसळीतून 7, डाळीतून 5, दोन वेळच्या भातातून 6 आणि मूठभर शेंगदाण्यांतून 7 ग्रॅम मिळतं. बेरीज 50. मात्र उसळ ताटात तशीच ठेवणाऱ्या आणि दूध न पिणाऱ्या मुलाचे यातले 14 गेले. त्याची भर दोन उकडलेल्या अंड्यांनी जवळजवळ होते. डाळ पातळ असते ही तुमची तक्रार मला मान्य आहे, आणि ती मेस समितीपुढे मांडायलाच हवी. महिन्याला काही हजारांचा डबा घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

पावडर विष आहे असं मी म्हणणार नाही. निरोगी मुलाची किडनी चमचाभर पावडरीने बिघडते हेही खरं नाही. पण तालमीतल्या खुराकाला जोर-बैठकांचा हिशेब होता, आणि कोणाला किती द्यायचं ते वस्ताद बघायचा. इथे मोठ्या वर्गातली मुलं डबा फोडून झिपच्या पिशवीत सुटी पावडर विकतात. तिच्यावर ना बॅच क्रमांक, ना एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. “वजन वाढवणारी” म्हणून मिळते तिच्यात तर बऱ्याचदा प्रोटीनपेक्षा साखरेसारखी पिष्टं जास्त असतात.

दुकानात मिळण्याबद्दल एवढंच सांगते: कॅफिनच्या एनर्जी ड्रिंकवर मुलांसाठी शिफारस नाही असं छापणं बंधनकारक आहे. घरी कॅन आला तर मुलासमोरच वाचा.

सगळ्यात काळजी मला सुट्या, नाव नसलेल्या “तब्येतीच्या” गोळ्यांची वाटते. अशा गोळ्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघतं, जे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. भूक वाढते, चेहरा गोल होतो, वजन भरतं; पालकांना वाटतं, पोरगं सुधारलं. अंगावर जांभळट चरे, अचानक उठलेले मुरुम दिसले तर लगेच विचारा.

रविवारी भेटायला याल तेव्हा ट्रंक मुलाबरोबर बघा. जे सापडेल ते फेकू नका, वेष्टणासकट माझ्याकडे आणा. सुटी गोळी काही आठवडे चालू असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर दबलेलं असतं, त्यामुळे रक्तदाब कोसळू शकतो. ती डॉक्टरच हळूहळू कमी करतील. छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, झटके किंवा न थांबणाऱ्या उलट्या असतील तर माझी वाट बघू नका. 108 ला फोन करा किंवा थेट सीपीआर रुग्णालयात न्या, आणि गोळीचं पाकीट सोबत ठेवा.