महाविद्यालयीन महोत्सवाचा अहवाल : खर्चाच्या रकान्यांविषयी एका वाचकाला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "तुमच्या नमुना अहवालात खर्चाचाच पसारा फार आहे. आमच्याकडे उद्घाटन, पाहुणे, छायाचित्रे, एकूण जमाखर्च आणि आभार अशी दोन पाने जातात आणि ती मंजूरही होतात. विद्यार्थ्यांना हिशेबनीस करायचे आहे का? पुढच्या वर्षी समितीच बदलते, मग हे वाचणार कोण? आणि तोटा झाला असेल तर तोही असा उघडा मांडायचा?"

आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभार. आपण ज्या दोन पानांविषयी लिहिता, त्यांचा वाचक म्हणजे परवानगी आणि निधी देणारे कार्यालय. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला का आणि खात्यातून गेलेले पैसे कोणत्या कामावर गेले, एवढे त्याला कळले की पुरते. त्याच्यासाठी ती दोन पाने जरूर ठेवावीत. मी मांडलेला खर्चाचा भाग, म्हणजे प्रत्येक नोंदीपुढे अंदाज, प्रत्यक्ष आणि फरकाचे कारण, हा मात्र पुढच्या वर्षी अंदाजपत्रक करायला बसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे, आणि त्याने यंदाचा महोत्सव बहुधा प्रेक्षकांत बसून पाहिलेला असतो. समिती तीच राहणार असती तर अनुभव तोंडी सांगून भागले असते. ती बदलते म्हणूनच लिहून ठेवायचे.

या विद्यार्थ्याला केवळ एकूण जमाखर्च हाती देऊन काय होते, हे ध्वनिव्यवस्थेच्या एकाच नोंदीवरून पाहू. पुढील रकमा आकडेमोड सोपी जावी म्हणून घेतल्या आहेत. समजा, तीन दिवसांच्या महोत्सवासाठी ध्वनिव्यवस्था २० तास लागेल आणि ताशी १,००० दर पडेल असे धरून २०,००० ची तरतूद केली होती. प्रत्यक्षात बिल २८,६०० चे आले. दोन पानांच्या अहवालात 'ध्वनिव्यवस्था : २८,६००' एवढीच ओळ येते, ती वाचून पुढची समिती ३०,००० ची तरतूद करते, आणि तरतूद आहे म्हटल्यावर ती खर्चही होते. जादा ८,६०० कशामुळे गेले, हा प्रश्न कोणाला पडतही नाही.

आता बिलाकडे जरा नीट पाहावे. त्यावर २६ तास आणि ताशी १,१०० असा दर आहे. म्हणजे फरकाचे दोन भाग पडतात. सहा तास जास्त लागले, त्यांचे मूळ दराने ६,००० झाले. आणि दर १०० ने वाढला, त्याचे २६ तासांचे २,६०० झाले. दराचा भाग लवकर उलगडतो : अंदाजपत्रकात मागच्या वर्षीचा दर तसाच उतरवला होता, नवे कोटेशन घेतलेच नव्हते. त्यावर करण्यासारखे एवढेच की पुढचा अंदाज नव्या, लेखी दरावर बेतावा.

तासांचा भाग अधिक बोलका आहे, पण तो बिलावरून कळत नाही. त्यासाठी रंगमंच सांभाळणाऱ्याचा वेळतक्ता लागतो, ज्यात प्रत्येक कार्यक्रमाची ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ शेजारी शेजारी लिहिलेली असते. त्या तक्त्यात समजा असे दिसले : आदल्या संध्याकाळी ध्वनिचाचणीला २ तास लागले, जे अंदाजात धरलेच नव्हते. उद्घाटन पाहुण्यांसाठी दीड तास थांबले. उरलेले अडीच तास वाद्यवृंद स्पर्धेत गेले. स्पर्धेत दहा संघ होते, प्रत्येक संघाच्या मांडणीसाठी ५ मिनिटे धरली होती आणि प्रत्यक्षात सरासरी २० लागली, कारण प्रत्येक संघ स्वतःचे ड्रम आणि अॅम्प्लिफायर आणून नव्याने जोडत होता. प्रत्येकी १५ मिनिटे जास्त, दहा संघांची मिळून १५० मिनिटे. प्रेक्षक त्या काळात रिकाम्या मंचाकडे पाहत बसतात आणि शेवटच्या दोन संघांच्या वेळी सभागृह निम्मे झालेले असते. पण तो तोटा कोणत्याच बिलावर चढत नाही.

यातून निघणारी सूचना 'ध्वनिव्यवस्थेसाठी अधिक तरतूद करावी' अशी राहत नाही. ती अशी होते : ध्वनिचाचणीचे २ तास अंदाजात धरावेत, ड्रम आणि अॅम्प्लिफायर आयोजकांनी पुरवावेत आणि तसे प्रवेशाच्या नियमांत लिहावे, म्हणजे मांडणी १० मिनिटांत होऊ शकेल, आणि पाहुण्यांची वाट न पाहता ज्या स्पर्धांना मुख्य मंच लागत नाही त्या वेळेवर सुरू कराव्यात. हे पाळले तर २० तासांत चाचणीचे २ आणि मांडणीचा साधारण पाऊण ते एक तास मिळवून २३ तास होतात. उद्घाटनाला उशीर झालाच, तर त्याचा भार निराळा दिसेल. नव्या दराने २३ तासांचे २५,३०० होतात. आंधळेपणाने केलेली ३०,००० ची तरतूद आणि हा आकडा यांत ४,७०० चा फरक आहे, आणि आयोजकांनी पुरवायच्या वाद्यांचे भाडे त्यातून निघेल की नाही, हे निदान तपासून पाहता येते.

हिशेबनीस होण्याची गरज यासाठी पडत नाही. लागते ती अंदाज, प्रत्यक्ष आणि फरकाचे कारण अशा तीन रकान्यांची, व्हाउचरांच्या फाइलची आणि त्या वेळतक्त्याची. सगळ्याच नोंदींची अशी चिरफाड करावी असेही मी म्हणत नाही. फलक, फुले, चहापाणी यांत थोडा इकडचा तिकडचा फरक पडतोच. तो एका ओळीत सांगून पुढे जावे. ज्या दोन-तीन नोंदींत फरक मोठा आहे, त्याच उघडून पाहाव्यात. बचतही त्यांत धरावी, कारण एखादी तरतूद निम्मीच खर्च झाली असेल तर कधी कधी ते कामच झालेले नसते.

एक नोंद मात्र फरक शून्य असूनही उघडावी लागते : प्रायोजकाने वस्तुरूपाने दिलेली मदत. समजा, प्रमाणपत्रे आणि स्मृतिचिन्हे एका प्रायोजकाने स्वतः करवून दिली. खात्यातून पैसा गेला नाही म्हणून खर्चात ती दिसत नाहीत, आणि जमेतही दिसत नाहीत. पुढच्या वर्षी तो प्रायोजक नसतो, नव्या खजिनदाराला या नोंदीचा पत्ताच नसतो आणि बक्षीस समारंभ आठवड्यावर आला असताना खर्च अंगावर येतो. म्हणून अशा मदतीचे वाजवी मूल्य जमा आणि खर्च या दोन्ही बाजूंना, 'वस्तुरूप' असे स्पष्ट लिहून दाखवावे. शिल्लक बदलत नाही, पण महोत्सवाला खरोखर किती लागले ते कळते.

तोट्याच्या प्रश्नालाही हेच लागू होते, किंबहुना अधिक. तूट अमुक इतकी, एवढेच लिहिले तर वाचणारा ती उधळपट्टी समजतो, आणि बऱ्याचदा ती तशी नसते. प्रायोजकाने ५०,००० कबूल केले आणि अहवालाच्या दिवसापर्यंत ३५,००० च जमा झाले, तर १५,००० 'येणे' आहेत. ते जमेत मिसळले की शिल्लक फुगते आणि अजिबात दाखवले नाहीत तर तूट वाढते. दोन्ही चित्रे खोटी. त्याचप्रमाणे मंडपवाल्याचे बिल यायचे असेल तर ते 'देणे' म्हणून दाखवावे, आणि स्वयंसेवकांनी घेतलेली उचल पावत्या येईपर्यंत खर्चात धरू नये, ती 'हिशेब बाकी' म्हणून ज्याच्या त्याच्या जबाबदारीसह वेगळी ठेवावी. माझ्या मते अहवालातला सर्वांत नाजूक कागद हाच असतो. उचलीची यादी ज्या अहवालात नाही, तिथे पुढची समिती जुन्या समितीच्या पावत्यांमागे धावते आणि निम्मे लोक तोवर महाविद्यालय सोडून गेलेले असतात. तूट झाकल्याने ती भरून निघत नाही. फक्त ती कबूल केलेले पैसे न आल्यामुळे आली, जादा तासांमुळे आली की नोंदणी कमी झाल्यामुळे, हे सांगण्याची संधी हातून जाते.

नोंदणीचा विषय निघालाच आहे, तर फलनिष्पत्तीच्या भागातील एका आकड्याबद्दल लिहितो, कारण दोन पानांच्या अहवालांत तो हमखास फुगलेला असतो. '६०० विद्यार्थ्यांचा सहभाग' असे वाक्य लिहिले जाते, तेव्हा ते बहुधा ६०० प्रवेशिका असतात. एकाच विद्यार्थ्याने तीन स्पर्धांत नाव दिले असेल तर तो तीनदा मोजला जातो. नोंदणी यादीतील ओळखक्रमांक एकत्र करून पुनरावृत्ती काढली, तर समजा ३८० विद्यार्थी उरतात, आणि हजेरीपत्रकांशी ताडून पाहिल्यावर प्रत्यक्ष आलेले २९० भरतात. तिन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांचे काम वेगळे आहे : प्रवेशिकांवरून परीक्षक आणि मंचाचा वेळ ठरतो, आलेल्या विद्यार्थ्यांवरून जेवण, आसने आणि प्रमाणपत्रे ठरतात. ६०० धरून प्रमाणपत्रे छापली तर निम्म्याहून अधिक गठ्ठ्यातच राहतात. नोंदणी आणि हजेरी यांतली गळती कोणत्या स्पर्धेत झाली, हेही पाहावे. एकाच वेळी ठेवलेल्या दोन स्पर्धांत नाव दिलेला विद्यार्थी एकीत गैरहजर दिसणारच, आणि त्याचे कारण निरुत्साह नसून वेळापत्रक असते.

हा मजकूर महोत्सव संपल्यावर पहिल्याच आठवड्यात, वेळतक्ता आणि आठवणी ताज्या असताना लिहून ठेवावा, आणि रकमा मात्र येणे-देणे मिटल्यावर पक्क्या कराव्यात. तोवर मसुद्यावर 'तात्पुरता' असे लिहून तो कार्यालयात द्यायला काही हरकत नसावी.

सूचनांविषयी आपण काही म्हटलेले नाही, पण वाचणार कोण या आपल्या शंकेशी त्यांचा संबंध आहे. शेवटी गोळा करून दिलेल्या वीस सूचना कोणीच वाचत नाही, हे आपले म्हणणे असेल तर मला मान्यच आहे. म्हणून मी त्या थोड्या ठेवतो, आणि प्रत्येकीपुढे ती कोणी आणि महोत्सवाच्या किती आधी अमलात आणायची ते लिहितो : ध्वनिव्यवस्थेचे लेखी कोटेशन, खजिनदार, दोन महिने आधी; वाद्यांचा नियम प्रवेशपत्रकात, स्पर्धा समन्वयक, नोंदणी सुरू होण्यापूर्वी; एकाच वेळी दोन स्पर्धांत नाव दिलेल्यांची यादी, नोंदणी विभाग, वेळापत्रक जाहीर होण्यापूर्वी. एवढी एक यादी जरी नव्या समितीच्या पहिल्या बैठकीत मोठ्याने वाचली गेली तरी बाकीची पाने फाइलमध्ये राहिली तर चालेल. अडले की खजिनदार ती काढतोच.