विकलेलं घर आणि विकलेली गोष्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

'स्पष्टवक्ता' यांची प्रतिक्रिया :

"मॅडम, पैसे घेताना सही केलीत, आता गळे काढताय. विकलेल्या घराला कुठला रंग लावायचा हे जुना मालक ठरवत नाही. 'नैतिक हक्क' वगैरे फ्रेंच चोचले आहेत, आपल्याकडे कोर्टात कोण वीस वर्षं घालवणार? आणि करारातच 'नैतिक हक्क सोडला' असं लिहून घेतलं तर काय कराल? शिवाय २०१२ ची दुरुस्ती तुम्हाला माहीतच नाही असं दिसतं. लिहिण्याआधी वाचत जा."

अहो स्पष्टवक्ते,

'गळे काढताय' पासूनच सुरुवात करते, कारण प्रतिक्रिया वाचल्यावर दुपारभर तेवढेच शब्द डोक्यात फिरत होते. मूळ लेखात मी रडल्याचं मला तरी आठवत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ बद्दल, म्हणजे गोष्टीचे हक्क विकले तरी तिच्यावर आपलं नाव सांगणं आणि तिची मोडतोड रोखणं लेखकाकडेच राहतं या 'नैतिक हक्का'बद्दल लिहिलं होतं, तेही बऱ्यापैकी कोरडं. बाईने हक्काबद्दल लिहिलं की तो गळा काढणं होतं आणि पुरुषाने लिहिलं की ती भूमिका होते, हे तीस वर्षं पाहते आहे. असो. टोपणनावाआडून 'वाचत जा' म्हणायला फारसं धैर्य लागत नाही, एवढं म्हणून पुढे जाते.

एक चूक कबूल. भारतात नैतिक हक्क कॉपीराइटच्या मुदतीपुरताच, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, असं मी लिहिलं होतं. कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनंतर तसं होतं, तेही कामाची मोडतोड रोखण्याच्या हक्कापुरतं. २०१२ साली मुदतीचे ते शब्द काढून टाकले. तुम्ही बरोबर, मी चूक. पण या दुरुस्तीने हक्क वाढला आहे. माझ्या विरोधात म्हणून तुम्ही जे फेकलंत ते माझ्याच ओंजळीत पडलं.

आता घर. सगळ्या प्रतिक्रियेत उत्तर द्यावं असं हे एकच वाक्य आहे, आणि ते ऐकायला इतकं पटणारं आहे की माझ्या स्वतःच्या भावाने मला तेच ऐकवलं होतं.

घर विकताना आपण नेमकं काय देतो? राहण्याचा, भाड्याने देण्याचा, पुन्हा विकण्याचा हक्क. कॉपीराइटच्या हस्तांतरणातही असंच असतं : छापणं, भाषांतर करणं, चित्रपट काढणं, प्रती विकणं. हे सगळे हक्क पैशात मोजता येतात, म्हणून विकता येतात. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ या गाठोड्यात मुळातच बांधलेलं नाही. त्याची सुरुवातच अशी आहे की लेखकाच्या कॉपीराइटपासून स्वतंत्रपणे, आणि तो पूर्णतः वा अंशतः हस्तांतरित केल्यानंतरसुद्धा, लेखकाला दोन हक्क राहतील. पहिला, हे काम माझं आहे असं सांगण्याचा. दुसरा, त्या कामाचा विपर्यास, मोडतोड किंवा फेरफार होऊन लेखकाच्या मानाला वा लौकिकाला धक्का पोचत असेल, तर तो रोखण्याचा किंवा भरपाई मागण्याचा. 'हस्तांतरित केल्यानंतरसुद्धा' हे शब्द मी घुसडलेले नाहीत, संसदेने घातले आहेत. आणि हा विचार फ्रान्समधून आला असला तरी कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराने तो १९२८ सालीच, रोमच्या बैठकीत, आपल्या सहाव्या कलमाला जोडून घेतला. चोचले असतील तर बरेच जुने आहेत.

हे टिकतं कसं, याचं कारण घरातच सापडतं. घर विकलं की नव्या मालकाच्या रंगाबद्दल कोणी मला नावं ठेवत नाही, कारण दारावर पाटी त्याची असते. गोष्ट विकली तरी तिच्यावरची पाटी माझीच राहते. खरेदीदार त्या पाटीखाली मला हवं ते बोलायला लावू लागला, तर ते बोललेलं वाचक माझ्या खात्यात मांडतो. कागदावर माझी सही असली तरी तो हिशोब खरेदीदाराच्या नावावर जात नाही.

कोर्टाचं म्हणालात ना? एक खटला सांगते. दिल्लीच्या विज्ञान भवनाच्या दर्शनी दालनात अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प होतं. सरकारनेच सांगून करवून घेतलेलं, १९६२ साली पुरं झालेलं, सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच पसरलेलं. १९७९ साली नूतनीकरणाच्या वेळी ते उतरवलं आणि गोदामात टाकलं. उतरवताना तुटलं, काही भाग हरवले, ज्या तुकड्यावर शिल्पकाराचं नाव होतं तोही गेला. सेहगल कोर्टात गेले तेव्हा सरकारचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं : करारानुसार कॉपीराइट आमचा, पैसे चुकते केले, वस्तू आमची. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली ते फेटाळलं. कॉपीराइट सरकारकडे असला तरी कलम ५७ शिल्पकाराकडेच आहे, आणि कलाकृती नष्ट करणं हे मोडतोडीचंच टोक आहे, असं म्हटलं. उरलेले तुकडे सेहगल यांना परत द्यायला लावले, वर पाच लाख रुपये भरपाई. मागितले होते पन्नास लाख, हेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पुढच्या प्रतिक्रियेत सांगाल.

याच्या आधी, १९८६ साली, हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांचं प्रकरण त्याच न्यायालयात झालं होतं. 'आपका बंटी' या कादंबरीचे चित्रपटाचे हक्क त्यांनी रीतसर विकले होते, आणि चित्रपटासाठी लागतील ते बदल करायची मुभाही करारात होती. निर्माते म्हणाले, मुभा आहे. न्यायालय म्हणालं, करार कलम ५७ च्या उजेडात वाचायचा. माध्यम बदललं म्हणून लागतील ते बदल चालतील, पण मुभा म्हणजे कादंबरी ओळखू येऊ नये इतकं वाकवायचा परवाना नव्हे. शेवटी दोघांत समेट झाला आणि चित्रपटातून लेखिकेचं आणि कादंबरीचं नाव काढलं गेलं. इथे थोडं थांबा. तक्रार लेखिकेची, आणि समेटात तिचंच नाव गेलं. काही वेळा बिघडवलेल्या कामावर आपलं नाव नसणं हीच सुटका असते.

घरावर इतकं बोलले, तर घराचाच निकाल लपवणं बरं दिसणार नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं 'हॉल ऑफ नेशन्स' हे प्रदर्शनाचं दालन २०१७ साली पाडलं. त्याचे वास्तुविशारद राज रेवाल कलम ५७ घेऊन न्यायालयात गेले आणि २०१९ साली हरले. जागेच्या मालकाला इमारत पाडायचा हक्क आहे, आणि जी वास्तू दिसतच नाही तिच्यामुळे लौकिकाला धक्का कसा लागेल, असा न्यायालयाचा विचार होता. विज्ञान भवनाच्या निकालाशी तो कसा जुळवायचा, हे वकिलांनी ठरवावं. म्हणजे खऱ्या घराबाबत तुम्ही बऱ्याच अंशी बरोबर आहात. पण मी गोष्टीबद्दल बोलत होते. गोष्टीखाली कोणाची सातबाऱ्याची जमीन नसते.

आता माझं. मूळ लेखात सांगितलं नव्हतं, सांगायचंही नव्हतं.

१९९८ साली मी लहान मुलांसाठी आठ गोष्टी एका प्रकाशनाला दिल्या. नाव घेत नाही. चार हजार रुपये एकरकमी, कायमस्वरूपी सर्व हक्क, शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर. सही माझीच, कुणी हात धरून करवून घेतलेली नाही. त्यातल्या एका गोष्टीत घरची शेळी बाजारात विकली जाते आणि मुलीच्या हातात तिच्या गळ्यातली घंटा उरते. शेवटचं वाक्य फक्त त्या घंटेबद्दल होतं, आणि ते जमायला मला पंधरा दिवस लागले होते.

पुढे नवी आवृत्ती निघाली. मला एका शिक्षिकेने फोन केला, 'बाई, तुमची शेळी परत आली की!' पुस्तक मागवलं. शेळी दोरी तोडून, नदी पोहून घरी आली होती, आणि खाली चौकटीत छापलं होतं : 'तात्पर्य : प्राण्यांवर प्रेम करावे.' मुखपृष्ठावर संपादकांचं नाव. माझं नाव आतल्या पानावर, 'मूळ कल्पना' म्हणून, पिनकोडच्या आकाराच्या अक्षरात.

वकिलीणबाईंनी मला जे समजावलं ते तुम्हीही ऐका. शेळीची तक्रार अवघड आहे, म्हणाल्या. शेवट बदलला एवढं पुरत नाही. त्यामुळे लेखिका म्हणून तुमच्या मानाला वा लौकिकाला धक्का बसला हे दाखवावं लागेल, आणि तुम्हाला वाईट वाटलं हा त्याचा पुरावा नव्हे. जुनी आणि नवी गोष्ट शेजारी ठेवून, त्रयस्थ वाचक काय म्हणेल हे बघितलं जाईल. नावाची तक्रार मात्र सरळ आहे. तिथे लौकिकाचा प्रश्नच येत नाही. गोष्ट तुम्ही लिहिलीत की नाही, एवढंच.

म्हणून नोटीस नावावरच जास्त गेली. जुनी आवृत्ती, माझं हस्तलिखित आणि करारनाम्याची प्रत सोबत जोडली. गंमत म्हणजे ज्या करारावर तुमचा एवढा भरवसा आहे, त्यातच 'लेखिका' म्हणून माझं नाव टंकलेलं होतं. अडीच महिन्यांनी प्रकाशनाने उरलेल्या प्रतींवर पट्टी चिकटवली : लेखिका, आणि पुढे माझं नाव. पट्टी तिरकी बसली आहे, एका कडेने सुटली आहे, आणि तिच्याखाली अजून 'मूळ' एवढी दोन अक्षरं दिसतात. पैसे एक रुपयाही मिळाले नाहीत, मागितलेही नव्हते. शेळी अजून नदी पोहूनच घरी येते.

कोर्टात वीस वर्षं जातात म्हणता, माझं काम नोटिशीच्या अडीच महिन्यांत झालं. सेहगल यांना मात्र दावा लावल्यापासून तेरा लागली, हे खरं. 'हक्क सोडला' असं लिहून घेतलं तर काय, या प्रश्नावर न्यायालयं एका सुरात बोललेली नाहीत आणि मी इथे दोन ओळींत बोलणार नाही. खरं तर तोच प्रश्न तुम्ही आधी आणि सभ्यपणे विचारला असता, तर हे सगळं उत्तर त्यावरच लिहिलं असतं.

मूळ लेखातली मुदतीची ओळ दुरुस्त केली आहे. चूक दाखवून दिल्याबद्दल तिथे 'स्पष्टवक्ता' असं श्रेय दिलं आहे. दुसरं काही नाव असेल तर कळवा, तेही घालते.